नोकरीत असताना मुलाखतीसाठी सकाळची किंवा संध्याकाळची वेळ कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं भरती विभागात मुलाखती जुळवण्याचं काम केलं. उमेदवार, मुलाखत घेणारे आणि त्यांची कॅलेंडरं यांची सांगड घालणं हेच दिवसभर चालायचं. त्या टेबलामागून जे दिसलं त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न मात्र उमेदवारांचेच आहेत, थोड्याफार फरकाने दर आठवड्याला यायचे ते.

कामाच्या वेळेबाहेर मुलाखत मागितली तर माझ्याबद्दल मत वाईट होईल का?

नाही. नोकरीतला माणूस दिवसा मोकळा नसतो हे भरती करणाऱ्याला माहीत असतं. उलट, कुठल्याही दिवशी कधीही चालेल म्हणणारा नोकरदार उमेदवार पाहिला की "याला तिकडे काम आहे की नाही?" असा प्रश्न आमच्याकडे हळूच विचारला जायचा.

मत बिघडतं ते मागण्याच्या पद्धतीमुळे. "मला दिवसा जमत नाही, तुम्हीच काहीतरी बघा" असं लिहिलं की सगळं काम समोरच्यावर पडतं. तो तीन मुलाखतकारांची कॅलेंडरं उघडून बसलेला असतो. तुमचा मेल बाजूला पडतो आणि ज्याने नेमक्या वेळा दिल्या त्याचं आधी लागतं.

मग मागायचं कसं? आणि कधी?

पहिल्याच उत्तरात. बोलावणं आलं की "हो, आवडेल" आणि वेळेची अडचण एकाच मेलमध्ये लिहा. वेळ ठरून गेल्यावर बदल मागितला तर एक जागा वाया जाते आणि मुलाखतकाराला पुन्हा विचारावं लागतं.

मेलमध्ये चार गोष्टी हव्यात: कारण एका वाक्यात, तारखेसह तीन नेमक्या वेळा, तुमच्या बाजूने एक तडजोड आणि संपर्क कसा ठेवायचा ते. साधारण असं:

> नमस्कार, मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभार. मी सध्या नोकरीत आहे, त्यामुळे कार्यालयीन वेळेत मुलाखत देणं अवघड जातं. पुढच्या आठवड्यात मला या वेळा चालतील: मंगळवारी सकाळी ७:३० ते ८:३०, बुधवारी संध्याकाळी ७:४५ ते ८:४५, गुरुवारी सकाळी ७:३० ते ८:३०. यातली एकही जमत नसेल तर शुक्रवारी दुपारी १ ते १:४५ मी वेळ काढू शकतो. माझ्या सध्याच्या कार्यालयात याची कल्पना नाही. कृपया याच ईमेलवर किंवा मेसेजवर संपर्क ठेवावा. दिवसा फोन घेता येणार नाही, संध्याकाळी ७ नंतर मी स्वतः फोन करेन.

"मंगळवार ते गुरुवार सकाळी कधीही" असं लिहू नका. ऐकायला लवचीक वाटतं, पण समोरचा त्यातून ९:३० निवडतो आणि पुन्हा मेलामेली सुरू होते. वेळेची सुरुवात आणि शेवट दोन्ही द्या. कंपनी दुसऱ्या देशात असेल तर कुठल्या देशाची वेळ तेही लिहा. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात, त्या आठवड्यांत एका तासाचा घोळ हमखास होतो.

कारण किती सांगायचं?

"सध्या नोकरीत आहे" एवढंच. मोठा प्रकल्प चालू आहे, साहेब कडक आहेत, रजा शिल्लक नाही हे सांगायची गरज नाही. आणि नसलेलं आजारपण तर नकोच, ना इकडे ना तिकडे.

सकाळची वेळ चांगली की संध्याकाळची?

माझं मत सकाळच्या बाजूने आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही.

सकाळी तुमच्या कार्यालयातलं काहीच सुरू झालेलं नसतं. त्यामुळे ऐनवेळी अडकण्याची शक्यता कमी. मुलाखतकारही ताजा असतो. अडचण एकच: पुढे कार्यालयाची वेळ भिंतीसारखी उभी असते. मुलाखत लांबली तर तुम्हाला घड्याळ दिसायला लागतं, आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

संध्याकाळी उलटं. पुढे मोकळा वेळ असतो, गप्पा रंगल्या तर रंगू शकतात. पण सुरुवात तुमच्या हातात नसते. ५:५० ला कोणीतरी "दोन मिनिटं बोलूया" म्हणतं आणि त्या दोन मिनिटांची चाळीस होतात. शिवाय मुलाखतकाराचा तो दिवसातला आठवा-नववा तास असतो. अवघड प्रश्नावर तुम्ही विचार करायला थांबलात की त्याची वाट पाहण्याची तयारी सकाळपेक्षा कमी असते, हे मी अनेकदा पाहिलं.

म्हणून लांबण्याची शक्यता असलेली फेरी, म्हणजे तांत्रिक किंवा सोडवून दाखवायची, संध्याकाळी ठेवा. ठरावीक वेळेत संपणारी, म्हणजे व्यवस्थापकाशी ओळखवजा बोलणं, सकाळी. अर्थात तुमचं कार्यालय रोजच उशिरा सुटत असेल तर सगळंच सकाळी.

नेमकी किती वाजताची वेळ मागायची, हे कसं ठरवू?

उलटीकडून मोजा. एक उदाहरण सविस्तर सांगतो.

हिशेब विभागातली एक उमेदवार होती. तिचं कार्यालय ९:३० ते ६:३०, प्रवास ४५ मिनिटांचा. म्हणजे घरातून ८:४५ ला निघायलाच हवं. आमच्याकडे चार टप्पे होते: भरती विभागाशी २० मिनिटांचा फोन, एक तासाची तांत्रिक फेरी, व्यवस्थापकाशी ४५ मिनिटं आणि शेवटी तिघांसमोर साधारण अडीच तास.

फोन सोपा होता, संध्याकाळी ७:३० ला झाला.

तांत्रिक फेरी तिने आधी सकाळी मागायचं ठरवलं. तास अधिक लांबण्याची १५ मिनिटं, अधिक आवरून बाहेर पडायला १५. म्हणजे सुरुवात ७:१५ ला. समोरचा कोणी ७:१५ ला बसायला तयार होईना, त्यांची सर्वांत लवकरची वेळ ८ होती. ८ ला सुरू केलं असतं तर ९ ला संपलं असतं आणि पाऊण तासाच्या प्रवासानंतर ती कार्यालयात ९:४५ ला, म्हणजे उशिरा पोहोचली असती. म्हणून संध्याकाळ. ६:३० ला निघून ७:१५ ला घरी. तिने ७:३० नाही, ७:४५ मागितली. हा पाव तास तिला वाचवून गेला, कारण त्या दिवशी ती ६:४० ला सुटली.

व्यवस्थापकाची फेरी सकाळी बसत होती: ७:३० ते ८:१५, लांबली तरी ८:३०. व्यवस्थापक लवकर उठणारा निघाला, त्याने स्वतःहून होकार दिला. हे कळलं कसं? तिने थेट विचारलं होतं, "७:३० ची वेळ त्यांना चालते का, एकदा विचाराल का?" समन्वयक स्वतःच्या मनाने सहसा ९ च्या आधीचं काही सुचवत नाही, कारण त्याच्या कॅलेंडरमध्ये तो भाग करड्या रंगाचा, कामाबाहेरचा दिसतो. मुलाखतकाराला मात्र कदाचित तीच वेळ सोयीची असते.

चौथा टप्पा बाहेरच्या वेळेत बसणारच नव्हता. तीन माणसं संध्याकाळी ७ ला एकत्र आणणं अवघड. तिथे तिने हट्ट केला नाही. अर्ध्या दिवसाची रजा घेईन, पण अडीच तास आणि पगाराबद्दलचं बोलणं एकाच दुपारी करा, असं सुचवलं. झालं. चार टप्पे, एकूण अर्धी रजा.

आणखी एक गोष्ट तिने केली जी मला आवडली. हिशेबाचं काम म्हणजे महिन्याचे शेवटचे आणि पहिले काही दिवस महिन्याचे हिशेब पूर्ण करण्यात जातात, तेव्हा ६:३० ला कोणी सुटत नाही. ते दिवस तिने आधीच वगळून वेळा दिल्या. तुमच्या कामातही असे दिवस असतीलच.

कंपनी म्हणते, फक्त कार्यालयीन वेळेतच. आता?

आधी विचारा की हा नियम सगळ्या फेऱ्यांना आहे की फक्त शेवटच्या. बहुतेकदा पहिल्या एक-दोन फेऱ्या हलवता येतात, कारण त्यात एकच माणूस गुंतलेला असतो. जितकी माणसं जास्त तितकी वेळ घट्ट.

मग रजेचा सौदा करा: दोन फेऱ्या सलग, एकाच अर्ध्या दिवसात. आमच्याकडे ही विनंती क्वचितच नाकारली जायची, कारण समन्वयकाचंही काम एका फटक्यात होतं. मात्र पहिली फेरी जमली नाही तर दुसरी रद्द होईल हे गृहीत धरा. काही कंपन्या घरी करायचं काम देतात, ते रात्री करता येतं. प्रत्यक्ष बोलण्याऐवजी ते आधी द्याल का, असं विचारायला हरकत नाही.

दुपारच्या सुट्टीत मुलाखत द्यायची वेळ आली तर ती फक्त २०-३० मिनिटांची फोनफेरी असावी. आणि कार्यालयाच्या मीटिंग रूममधून नको. काचेच्या भिंती तर आहेतच, पण खोली आरक्षित करताना तुमचं नाव आणि वेळ सगळ्यांना दिसते. उभी असलेली गाडी, जवळची शांत जागा, काहीही चालेल, पण इमारतीबाहेर.

सहकाऱ्यांना नेमकं कळतं कशावरून?

सकाळी आठला तुम्ही कोणाशी बोललात यावरून कधीच नाही. बातमी फुटते ती बहुतेक वेळा कॅलेंडरच्या आमंत्रणातून.

वरच्याच उमेदवाराचं सांगतो. तिने अर्जाचा ऑनलाइन फॉर्म कार्यालयाच्या लॅपटॉपवर भरला होता. ब्राउझरने ईमेलच्या रकान्यात आपोआप कार्यालयाचा पत्ता भरला आणि तिचं लक्ष गेलं नाही. मेलामेली खासगी पत्त्यावरून चालली होती, पण कॅलेंडरचं आमंत्रण फॉर्ममधल्या पत्त्यावर गेलं. शीर्षक सरळ होतं: "मुलाखत", तिचं नाव, कंपनीचं नाव. तिच्या कार्यालयात सगळ्यांची कॅलेंडरं एकमेकांना उघडी होती, कोणालाही मीटिंग लावताना दिसतील अशी.

तिने ते लगेच डिलीट केलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं! कारण आमच्याकडून कोणीतरी वेळ दहा मिनिटांनी सरकवली आणि बदलाची सूचना पुन्हा त्याच पत्त्यावर गेली. नुसतं डिलीट करून भागत नाही. आयोजकाला सांगून मूळ आमंत्रण रद्द करून घ्यावं लागतं आणि खासगी पत्त्यावर नवीन मागवावं लागतं. पत्ता कंपनीच्या नोंदीतही बदलून घ्या, नाहीतर पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तिच्या बाबतीत नशिबाने कोणी पाहिलं नाही, किंवा पाहून बोललं नाही.

म्हणजे आमंत्रण खासगी ईमेलवर आलं की काम झालं?

जवळजवळ. फोनवर खासगी आणि कार्यालयाचं कॅलेंडर एकाच अॅपमध्ये असेल तर ती एकत्र दिसतात. मीटिंगमध्ये तुम्ही फोन टेबलावर ठेवता आणि सूचना पडद्यावर येते. लॅपटॉपवर स्क्रीन शेअर करताना तर सगळ्यांसमोर. त्या आठवड्यात खासगी खात्याच्या सूचना बंद ठेवा. दोन कॅलेंडरं आपोआप जुळवणारं एखादं साधन लावलं असेल तर ते मुलाखतीचं शीर्षकही पलीकडे नेत नाही ना, हे तपासा.

समन्वयकाला "आमंत्रणाचं शीर्षक साधं ठेवाल का, नुसतं 'भेट' चालेल" असं सांगता येतं. आम्ही ते करायचो, दहा सेकंदांचं काम आहे.

कार्यालयाचा लॅपटॉप, कार्यालयाचं वाय-फाय आणि कार्यालयाच्या खात्याने उघडलेलं झूम किंवा टीम्स या तिन्हींवरून मुलाखत देऊ नका. पहिल्या दोन्हींवर कंपनी लक्ष ठेवू शकते. तिसऱ्याची गंमत वेगळी: त्या खात्याने आत शिरलात तर समोर तुमच्या नावाबरोबर तुमची कंपनीही दिसू शकते आणि तुमच्या सहकाऱ्यांना तुमचं स्टेटस "कॉलवर" दिसतं. सकाळी ७:३० ला.

भरती करणारा दिवसा फोन करतच राहतो. काय करू?

पहिल्या मेलमध्ये सांगितलं असेल तर हे बरंच कमी होतं. तरी आला तर उचलून कुजबुजत बोलू नका. कट करा, मेसेज करा: "७ ला फोन करतो." आणि मग खरंच करा. दोनदा सांगून फोन केला नाही की आमच्या यादीत तुमच्या नावापुढे काय लिहिलं जायचं ते इथे सांगत नाही.

एजन्सीमार्फत शोधत असाल तर आणखी एक वाक्य लेखी द्या: "मला विचारल्याशिवाय माझा बायोडेटा कुठल्याही कंपनीला पाठवू नये." कंपनीचं नाव न देता निघालेली जाहिरात तुमच्याच कंपनीची असू शकते. असं होतं, आणि जेव्हा होतं तेव्हा ते निस्तरणं फार कठीण जातं.

लिंक्डइनवर "कामाच्या शोधात" असं फक्त भरती करणाऱ्यांपुरतं चालू ठेवलं तर सुरक्षित आहे का?

त्या पर्यायात तुमच्या सध्याच्या कंपनीच्या भरती विभागाला ते दिसू नये असा प्रयत्न केला जातो, पण पूर्ण खात्री लिंक्डइन स्वतःही देत नाही. हिरवी चौकट असलेला, सगळ्यांना दिसणारा पर्याय मात्र गुप्त शोधात अजिबात नको.

मुलाखतीच्या दिवशी ऐनवेळी कामात अडकलो तर?

अडकणार हे कळलं त्याच क्षणी मेसेज करा, मुलाखतीच्या वेळेला नाही. "कार्यालयात अनपेक्षित काम आलं आहे, मी वेळेवर पोहोचू शकत नाही. उद्या सकाळी ७:३० किंवा परवा संध्याकाळी ७:४५ चालेल का?" माफी एकदा, पर्याय दोन.

एकदा असं झालं तर कोणी मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा झालं तर समन्वयक वरच्याला सांगतो. त्यामुळे एकदा संध्याकाळ हुकली असेल तर दुसरी वेळ सकाळचीच घ्या, तिथे कार्यालयाचा हात पोहोचत नाही.

लिफ्टमध्ये किंवा रस्त्यात उभं राहून "दहा मिनिटांत सुरू करतो" म्हणत मुलाखत देऊ नका. पुढे ढकललेली मुलाखत धापा टाकत दिलेल्या मुलाखतीपेक्षा बरी.

कपड्यांवरून संशय येतो का?

प्रत्यक्ष जायचं असेल तर येतो, विशेषतः रोज साधे कपडे घालत असाल तर. वर घालायचं पिशवीत न्या आणि तिथे पोहोचल्यावर बदला. व्हिडिओ मुलाखत घरून असेल तर हा प्रश्नच नाही.

रजेसाठी काय सांगू?

"खासगी काम आहे." रजेच्या अर्जात एवढं पुरतं. गोष्ट रचली की ती लक्षात ठेवावी लागते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी प्रेमाने चौकशी करतंच. फक्त दर बुधवारी दुपारी खासगी काम असं होऊ देऊ नका. माणसं कारणापेक्षा साचा लवकर ओळखतात.

नवी कंपनी माझ्या सध्याच्या साहेबांना फोन करेल का?

न सांगितल्यास करू शकते, म्हणून सांगा. संदर्भासाठी आधीच्या नोकरीतल्या दोन व्यक्तींची नावं द्या आणि लिहा: "सध्याच्या कंपनीशी संपर्क ऑफर स्वीकारून मी राजीनामा दिल्यानंतरच करावा." मागच्या नोकऱ्यांची पडताळणी बहुतेकदा बाहेरच्या संस्थेकडून होते आणि तिचा फॉर्म वेगळा असतो. त्यात सध्याच्या कंपनीच्या नावापुढे "आत्ता संपर्क करू नये" असा चौकोन असतो, त्यावर खूण करायला विसरू नका. भरती विभागाला मेलवर सांगितलेलं त्या संस्थेपर्यंत पोहोचेलच असं नाही.

आणि कोणी थेट विचारलं, "दुसरीकडे बघतोयस का?"

सहकाऱ्याने विचारलं तर हसून विषय बदलता येतो. साहेबांनी विचारलं तर खोटं ठासून सांगू नका, कारण महिन्याभराने राजीनामा तुम्ही त्यांच्याच हातात देणार आहात. "काही नक्की असेल तेव्हा सर्वांत आधी तुम्हालाच सांगेन" हे खरंही आहे आणि त्यातून काहीच उघड होत नाही. मग ठरल्याप्रमाणे ६:३० ला निघा, पावणेआठला तुमची मुलाखत आहे.